सात पानांची दोन पानं

"पॉलिसी ब्रीफ दोनच पानांचं हवं" असं सांगितलं, की संशोधक समजूतदारपणे मान डोलावतो, घरी जातो आणि अक्षरांचा आकार बारावरून साडेआठवर आणतो. तेवढ्यानं भागत नाही म्हणून समास आवळतो. मग परिच्छेदांमधल्या रिकाम्या ओळी काढतो. इतकं करूनही मजकूर चौथ्या पानावर सांडतोच, तेव्हा रात्री साडेअकराला मेल येतो : "पान म्हणजे कागदाची एक बाजू धरायची की दोन्ही?"

अशा मेलांना उत्तरं देणं हा माझा व्यवसाय आहे. विद्यापीठांच्या आणि सेवाभावी संस्थांच्या अभ्यासांवरून सरकारी अधिकाऱ्यांना वाचता येईल असं दोन पानी टिपण करून द्यायचं, आणि अधूनमधून तेच काम इतरांना शिकवायचं. कॅनडात आरोग्यसेवांच्या संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या एका प्रतिष्ठानानं यासाठी 'एक-तीन-पंचवीस' असा नियमच करून ठेवला होता. एक पान मुख्य संदेश, तीन पानं सारांश, पंचवीस पानं अहवाल. आपल्याकडेही हा नियम पाळतात. पंचवीस पानं अहवाल, तीन पानं मान्यवरांची मनोगतं आणि एक पान लोगो.

शिकवताना मी एकच शोधनिबंध देतो. डिसेंबर १९९९च्या 'लॅन्सेट'मधला, डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा, गडचिरोलीतल्या नवजात बालकांवरचा. छापील पानं सातच. तो देण्याचं एक कारण असं, की नावं ओळखीची असल्यामुळे वर्गातले सगळे तो आधीच वाचल्यासारखा चेहरा करतात. दुसरं कारण असं, की त्यात दोन पानी टिपण लिहिणाऱ्याला पडायचे सगळे खड्डे ओळीनं मांडून ठेवलेले आहेत. निबंधाचा त्यात काही दोष नाही. निबंध चोख आहे. खड्डे आपण पडतो तेव्हाच तयार होतात.

निबंधातली हकीकत थोडक्यात अशी. ३९ गावांत प्रयोग केला, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ नुसती जन्ममृत्यूंची मोजणी. १९९५ पासून प्रयोगाच्या गावांत गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायच्या, त्याला ऊब द्यायच्या, दूध पिण्यातल्या अडचणी सोडवायच्या, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायच्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडानं द्यायचं औषध, हेही द्यायच्या. दर पंधरा दिवसांनी त्यांच्यावर देखरेख व्हायची. तिसऱ्या वर्षी हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२वरून २५.५वर आले.

आता याचं दोन पानी टिपण करायचं. सोपं जावं म्हणून मी एक अट घालतो : साल २००० आहे असं धरा आणि वाचक राज्याच्या आरोग्य विभागातला आहे असं धरा. वर्गात सहसा तीन प्रकारची माणसं असतात. एक नुकताच पीएच.डी. झालेला तरुण, ज्याच्या मते कुठलंही वाक्य गाळणं म्हणजे ज्ञानाचा अपमान. एक संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाई, ज्यांच्या मते कुठलंही वाक्य ठामपणे लिहिणं म्हणजे ज्ञानाचा अपमान. आणि एखाद्या संस्थेच्या कम्युनिकेशन विभागातली मुलगी, जिच्या मते सगळं एका इन्फोग्राफिकमध्ये मावतं. पाहुणे म्हणून मी एका निवृत्त उपसचिवांना बोलावतो. ते मागे बसून चहा पितात आणि मधूनच एखादा प्रश्न विचारून वर्ग शांत करतात.

पहिली अडचण क्रमाची. शोधनिबंध कीर्तनासारखा असतो : आधी पूर्वरंग, मग निरूपण, आणि आख्यान सगळ्यात शेवटी. निबंधातही पार्श्वभूमी, पूर्वीचं संशोधन, पद्धत, निष्कर्ष असं करत करत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कामाचं वाक्य येतं. अधिकारी तोवर नमस्कार करून निघालेला असतो. म्हणून ब्रीफ उलटं लिहायचं. वर शेवट, खाली पुरावा, आणि पद्धतीला चार ओळी. हे सांगितलं की तरुण विचारतो, "सर, पण पार्श्वभूमी न देता एकदम निष्कर्ष? वाचणाऱ्याला धक्का नाही का बसणार?"

मागून उपसचिव म्हणतात, "बसू द्या. जागा तरी राहील."

दुसरी अडचण मुख्य संदेशांची. साधारण तीन संदेश, प्रत्येक एका वाक्याचा, आणि त्यात कोणी काय केलं आणि काय झालं हे हवं. पहिल्या फेरीत फळ्यावर जे उतरतं ते नमुनेदार असतं. तरुण लिहितो, "गृहाधारित हस्तक्षेप आणि नवजात मृत्युदर यांच्यात सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय संबंध आढळून आला." आढळून आला म्हणजे कुठे तरी पडलेला होता आणि जाता जाता पायाला लागला. बाई लिहितात, "अभ्यासाच्या मर्यादा लक्षात घेता, विशिष्ट परिस्थितीत, अधिक संशोधनाच्या अधीन राहून, घट संभवते." कम्युनिकेशनवाली लिहिते, "घरोघरी आशा, बाळांना नवी दिशा!"

वर्ग टाळ्या वाजवतो. उपसचिव कप खाली ठेवतात. "साल २००० ना? आशा कुठून आणलीत तुम्ही?"

आशा कार्यकर्त्या आल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर, म्हणजे २००५ मध्ये. २००० साली गावात अंगणवाडी सेविका होती, दाई होती आणि उपकेंद्राला एक एएनएम होती. मुलगी म्हणते, "यमक छान जुळलं होतं हो." जुळलं होतंच. पण ब्रीफ लिहिणारा ज्या दिवशी लिहितो, त्या दिवशी सरकारकडे कोणती माणसं पगारावर आहेत हे त्याला ठाऊक असावं लागतं. शोधनिबंधात ते नसतं. निबंधाला साल असतं, पण कर्मचारीवर्ग नसतो.

मग येतो माझा आवडता खड्डा, म्हणजे ६२चा. निबंधात ६२ दोनदा येतो. एकदा सुरुवातीचा मृत्युदर म्हणून, हजारी ६२. आणि एकदा तुलनेच्या गावांशी ताडून काढलेली निव्वळ घट म्हणून, ६२.२ टक्के. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आडनावबंधू आहेत. पण दोन पानांच्या धांदलीत वर्गातल्या कोणाच्या तरी टिपणात हमखास छापून येतं की "नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आलं". शंभरातली बासष्ट बाळं दगावणारं गाव चार पिढ्यांत ओस पडलं असतं. तरीही हे वाक्य तीन जण तपासतात आणि तिघांच्याही नजरेतून सुटतं, कारण तिघेही आकडा बरोबर आहे का एवढंच बघतात. ६२ आहे? आहे. २५ आहे? आहे. पुढे जा.

त्याहून सावध माणसं वेगळ्या जागी अडकतात. ६२चे २५.५ झाले म्हणजे घट ५९ टक्के. मग निबंधात ६२.२ टक्के कशी? छापखान्याची चूक? नाही. तुलनेच्या गावांत मृत्युदर ५८ होता आणि तो त्या काळात खाली आलाच नाही. तो फरक धरून निव्वळ घट काढली की आकडा थोडा मोठा होतो. ब्रीफमध्ये यातलं काय द्यावं? माझं मत स्पष्ट आहे : हजारी ६२ आणि हजारी २५.५ द्यावं, आणि तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही, असं लिहावं. टक्केवारी ऐकायला भारदस्त असते, पण किती बाळं वाचली हे टक्केवारी सांगत नाही. हजारामागे छत्तीस-सदतीस बाळं, हे कक्ष अधिकाऱ्याला आपल्या जिल्ह्याच्या जन्मसंख्येशी लावून बघता येतं.

आणि तो लावून बघतोच. अधिकारी ब्रीफ वाचत नाहीत अशी तक्रार संशोधक करतात. ती खोटी आहे. ते वाचतात आणि लगेच गुणाकार करतात. निबंधात एक वाक्य आहे, की १९९७-९८ मध्ये १८ नवजातांची काळजी घेतल्यामागे एक मृत्यू टळला. ब्रीफ लिहिणाऱ्याला याच्यापेक्षा गोड वाक्य मिळणं कठीण. कम्युनिकेशनवालीनं अठरा पाळणे काढले, एक पाळणा पिवळा रंगवला, काम झालं. वर्ग खूश. मग मी विचारतो, जिल्ह्यात वर्षाला १८,००० जन्म असतील तर किती नवजात बाळं वाचतील? सगळे एका सुरात : हजार!

नाही वाचणार. निबंधातल्या त्या वाक्यात एक छोटा खुलासा आहे : टळलेला मृत्यू गर्भातला किंवा नवजात. मृतजन्मही त्या हिशेबात धरलेले आहेत. नुसत्या नवजात मृत्युदरातल्या घटीवरून मोजलं तर साधारण २७ जन्मांमागे एक असं उत्तर येतं. म्हणजे १८,००० जन्मांत साडेसहाशेच्या आसपास. तेही गडचिरोलीतल्या त्या गावांइतकाच मृत्युदर त्या जिल्ह्यात असेल तर. साडेसहाशे हा काही लहान आकडा नाही. पण हजार म्हणून विधानसभेत गेलेला आणि नंतर साडेसहाशे निघालेला आकडा फार वाईट दिसतो, आणि तेव्हा कोणी पाळण्यांचं चित्र काढणाऱ्याला बोलावत नाही, संशोधकाला बोलावतात.

इथे उपसचिव आपल्या नोकरीतली एक गोष्ट सांगतात, जी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी वाटते. तुमचं ब्रीफ सचिवांसाठी असतं हा तुमचा समज आहे, ते म्हणतात. सचिवांच्या टेबलावर ते जातं, खरं आहे. सचिव वरच्या कोपऱ्यात 'चर्चा करावी' किंवा 'तपासून सादर करावे' असं लिहून ते खाली पाठवतात. खाली म्हणजे कक्ष अधिकाऱ्याकडे. त्याला नस्तीत टिपणी लिहायची असते, चार वाजायच्या आत. तो तुमच्या ब्रीफमधली दोन वाक्यं उचलतो, आधी 'असे निदर्शनास आले आहे की' जोडतो, आणि टिपणी वर निघते. पुढे अवर सचिव, उपसचिव, वित्त विभाग, सगळे तीच दोन वाक्यं वाचतात. तुमची तळटीप, तुमचा चौकटीतला खुलासा, तुमचा पिवळा पाळणा, यातलं काही नस्तीत जात नाही.

हे ऐकून संख्याशास्त्राच्या बाई दचकतात, कारण त्यांनी सगळ्या मर्यादा शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' नावाच्या सुबक चौकटीत नीट रचून ठेवलेल्या असतात. उपसचिव म्हणतात, "बाई, त्या चौकटीपर्यंत माझा माणूस कधीच पोचला नाही."

म्हणून माझ्या वर्गात एकच कसोटी आहे. कात्री घ्यायची, ब्रीफमधलं कोणतंही एक वाक्य कापून काढायचं, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला वाचायला द्यायचं. त्या एकट्या वाक्यावरून तो काहीतरी खोटं समजला तर वाक्य पुन्हा लिहायचं. अट वाक्याच्या पोटात असली पाहिजे, शेपटीला नको. या कसोटीतून पार पडलेला आमचा पहिला संदेश असा उतरतो : "गडचिरोलीतल्या ३९ गावांत, प्रशिक्षण मिळालेल्या आणि दर पंधरा दिवसांनी देखरेख असलेल्या गावातल्याच स्त्रियांनी घरी जाऊन नवजातांची काळजी घेतली व जंतुसंसर्गावर इंजेक्शनसह उपचार केले, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी ६२वरून २५.५वर आला, तुलनेच्या ४७ गावांत अशी घट झाली नाही." वाक्य लांब आहे. कम्युनिकेशनवाली म्हणते, यात जीव नाही. असेल. पण कुठेही उचलून नेलं तरी ते खोटं बोलत नाही.

बाईंची एक शंका मात्र रास्त असते. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. प्रयोग यादृच्छिक नव्हता. हे सांगायचं की नाही? सांगायचं, आणि साध्या भाषेत सांगायचं : दोन्हीकडची लोकसंख्या आणि सुरुवातीचे मृत्युदर सारखे होते, पण गावांची वाटणी चिठ्ठीनं झाली नव्हती. बाईंना इथे 'पी' ०.००१ पेक्षा कमी असल्याचंही लिहायचं असतं. उपसचिव विचारतात, "हा पी कोण?" बाई दोन मिनिटं समजावतात. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे योगायोग नाही, एवढंच ना? मग तेवढंच लिहा की." बाई खालच्या आवाजात म्हणतात, की 'पी'चा अर्थ अगदी तसाच होत नाही. तो वाद जेवणाच्या सुट्टीत मिटतो, म्हणजे जेवण येतं आणि सगळे उठतात.

जंतुसंसर्गाचा आकडा मी दुपारसाठी राखून ठेवतो. उपचारांआधी बाधित बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के. टक्केवारी अशी दिसली की वर्गात बाणाचं चित्र काढायची चढाओढ लागते. मी म्हणतो, आधी माणसं मोजा. १६३ पैकी २७, आणि नंतर ७१ पैकी २. दोन. तिसरं एक बाळ दगावलं असतं तर २.८चे ४.२ झाले असते. निष्कर्ष त्यानं पडला नसता, सत्तावीस आणि दोन यांतलं अंतर फार मोठं आहे. पण इतक्या लहान संख्येच्या टक्केवारीला दशांशचिन्ह लावून मिरवलं, की वाचणाऱ्याला वाटतं हजारो बाळं पाहिली असतील. '७१ पैकी २' लिहायला जागा जास्त लागत नाही, आणि खरं सांगायचं तर ते वाचताना टक्केवारीपेक्षा अंगावर जास्त येतं.

आता पर्याय. पॉलिसी ब्रीफमध्ये निर्णय घेणाऱ्यापुढे पर्याय ठेवायचे असतात, आणि इथे भल्याभल्यांची नियत फिरते. तीन पर्यायांची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत असते. पहिला पर्याय : काहीच करू नये. तिसरा : इतकं करावं की खजिना रिकामा व्हावा. दुसरा : आमच्या संस्थेला जे हवं आहे ते. मंत्रालयातले लोक ही युक्ती पंचवीस वर्षं बघत आलेले असतात. उपसचिव म्हणाले, "आम्ही पर्याय वाचायचोच नाही. दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवायचं, संस्थेचा प्रस्ताव तिथेच असतो."

खरे पर्याय काढायचे तर हिशेबाला बसावं लागतं. समजा घरभेटी एएनएमनं कराव्यात असा पर्याय मांडला. सरकारी निकषानं उपकेंद्र मैदानी भागात ५,००० लोकवस्तीला, आदिवासी-डोंगरी भागात ३,००० ला. हजारी २५ जन्म धरले तर ५,००० वस्तीत वर्षाला १२५ बाळं. प्रत्येकी सहा भेटी म्हणजे ७५० भेटी, लसीकरण आणि बाकीची रजिस्टरं सांभाळून, तीन-चार गावांत, पावसाळ्यासकट. शिवाय जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच धोका सगळ्यात जास्त, म्हणजे भेट 'या आठवड्यात कधीतरी' होऊन चालत नाही. उलट हजार वस्तीच्या गावातल्याच एका बाईला नेमलं तर वर्षाला २५ बाळं, १५० भेटी, आठवड्याला तीन. जमण्यासारखं. पण मग हजारो नव्या बायकांची निवड, प्रशिक्षण, मोबदला, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी माणसं, हे सगळं नव्यानं उभं करायचं. तिसरा पर्याय घरभेटी सोडून देऊन बाळंतपणं दवाखान्यात आणायची आणि तिथे नवजातांसाठी सोय करायची. प्रत्येक पर्यायाखाली कोणी करायचं, खर्च कशावर, कुठला नियम बदलावा लागेल आणि काय फसू शकतं, एवढं लिहिलं की दुसरं पान भरतं. इन्फोग्राफिकला जागा उरत नाही. कम्युनिकेशनवाली माझ्याकडे रागानं बघते.

आणि इथेच सगळ्यात खोल खड्डा आहे. वर्गातला कोणीतरी शहाणा म्हणतो, गावातल्या बाईनं इंजेक्शन देणं कायद्याच्या आणि डॉक्टर मंडळींच्या गळी उतरणार नाही, तेव्हा एक सौम्य पर्याय ठेवू : भेटी, वजन, ऊब, स्तनपान, धोक्याची लक्षणं दिसली की दवाखान्यात पाठवणं, पण इंजेक्शन नाही. पर्याय उत्तम आहे. व्यवहार्य आहे. फक्त त्याच्यापुढे 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात तो बिनदिक्कत ६२.२ टक्के लिहितो. मी विचारतो, हा आकडा कशाचा? तो म्हणतो, घरच्या घरी काळजी घेण्याचा. नाही. तो इंजेक्शनसकट, पंधरवड्याच्या देखरेखीसकट, ९३ टक्के बाळांपर्यंत पोचलेल्या संपूर्ण व्यवस्थेचा आकडा आहे. त्यातलं इंजेक्शन काढलं, देखरेख महिन्यावर नेली, तर काय परिणाम होईल हे या निबंधातून कळत नाही. कदाचित बराच होईल. पण आकडा जुन्या पर्यायाचा आणि पर्याय नवा, अशी जोडी लावायची नाही. त्या रकान्यात "घट अपेक्षित, प्रमाण या अभ्यासातून सांगता येत नाही" असं लिहायचं. हे वाक्य फळ्यावर आलं की वर्गात दुखवटा पाळल्यासारखी शांतता पसरते. एकट्या संख्याशास्त्राच्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान असतं.

प्रत्यक्षात पुढे जे झालं ते याच सौम्य पर्यायाच्या वाटेनं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर घेतला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत; घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आशाला २५० रुपये. इंजेक्शन देण्याचं काम आशांकडे आलं नाही. निबंध १९९९ चा, कार्यक्रम २०११ चा. मध्ये बारा वर्षं. त्या काळात इतरत्रही असे प्रयोग झाले, महाराष्ट्रातल्या सात ठिकाणचा 'अंकुर' त्यातलाच, आणि आशाही आल्या. एका ब्रीफनं धोरण बदलतं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही बारा वर्षं दाखवतो. ते नाराज होतात आणि आणखी एक लोगो घालतात.

पैशाचं एक राहिलं. निबंधात दर नवजातामागे खर्च ५.३ डॉलर दिला आहे, त्या काळच्या दरानं दोनशे रुपयांच्या आसपास. आणि आशाचा मोबदला २५० रुपये. दोन आकडे इतके शेजारी शेजारी, की कोणीतरी म्हणतंच, "म्हणजे सरकार गडचिरोलीपेक्षा जास्तच खर्च करतंय!" अहो, ५.३ डॉलर हा काळजीचा खर्च, आणि २५० हा एकट्या आशाचा मोबदला; प्रशिक्षण, औषधं, देखरेख त्यात नाही. शिवाय मध्ये बारा-तेरा वर्षांची महागाई. ब्रीफमध्ये रुपये लिहिताना कुठल्या सालचे आणि त्यात काय काय धरलंय, हे त्याच वाक्यात हवं. वित्त विभागाचा माणूस संदेश वाचत नाही, पर्याय वाचत नाही. तो थेट रुपयाच्या चिन्हावर उतरतो. आणि 'लेखाशीर्ष कोणतं?' हा त्याचा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर लॅन्सेटमध्ये मिळत नाही.

संध्याकाळपर्यंत दोन पानं उभी राहतात. वर तीन संदेश, मध्ये चार ओळींत पद्धत, मागे तीन पर्याय, अक्षर वाचता येईल एवढं. तरुणानं गाळलेला मजकूर फेकलेला नसतो. 'सहपत्र अ ते ऊ' या नावानं अकरा पानं त्यानं मागे टाचलेली असतात. मी ती काढतो, तो खिन्न होतो, मी ती परत देतो. मग सगळे उपसचिवांकडे बघतात. ते चष्मा लावून दोन्ही पानं सावकाश वाचतात, उलटतात आणि अगदी तळाशी 'अधिक माहितीसाठी संपर्क' या ओळीवर थांबतात.

"हा नंबर कोणाचा?"

संस्थेच्या ऑफिसचा, कम्युनिकेशनवाली सांगते.

"अधिवेशन चालू आहे, तारांकित प्रश्न आलाय, उत्तर चारपर्यंत द्यायचंय. माझ्या माणसानं साडेतीनला फोन केला, तर उचलेल कोण?"

ऑफिसची वेळ तीनपर्यंतच असल्याचं निष्पन्न होतं. बाई म्हणतात, त्यांचं त्या वेळी लेक्चर असतं. आता सगळ्यांच्या नजरा तरुणाकडे वळतात. तो घसा साफ करतो.

"सर, त्यांना मेल टाकायला सांगा ना. मी दोन दिवसांत सविस्तर उत्तर देईन. संदर्भांसहित."